‘आशिर्वाद’मधली वेलांटी सुधारताना

निमंत्रणाचा मजकूर लिहून झाला आणि पाठवण्याआधी दिसलं, ‘आपले आशिर्वाद असू द्यावेत’. ‘शि’ दीर्घ हवी. अख्खा शब्द खोडायची गरज नाही, कर्सर नेमका ‘शि’ आणि ‘र्वा’ यांच्या मध्ये आणायचा. अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड असेल तर ते असं करता येतं.

आधी त्या शब्दावर एकदा टिचकी मारा. बोट जाड आणि अक्षर बारीक, त्यामुळे कर्सर शब्दात कुठेही जाऊन बसतो. त्याच्याखाली थेंबासारखी एक खूण दिसते. ती खूण धरून कर्सर शब्दाच्या शेवटी ओढा. बोट ओळीच्या खाली राहतं, म्हणून अक्षरं झाकली जात नाहीत. खूण काही सेकंदांत नाहीशी होते. पुन्हा टिचकी मारली की परत येते. पण तिच्यावर शब्दाच्या शेवटापर्यंत पोचण्याचंच काम सोपवा. अक्षरापर्यंत जायला स्पेसबार बरा.

स्पेसबारवर बोट टेकवा आणि लगेच डावीकडे हळू सरकवा. थांबून दाबून धरलंत तर कीबोर्ड किंवा भाषा बदलण्याची यादी उघडते. बहुतेकांचं इथेच फसतं. बोट सरकेल तसा कर्सर एकेक अक्षर मागे जातो: ‘द’ ओलांडला, मग ‘र्वा’. ‘र्वा’मधला रफार आणि काना यांच्या मध्ये तो थांबत नाही, पूर्ण अक्षर एका उडीत पार करतो. दोन उड्या झाल्या की बोट उचला. सरकवूनही कर्सर ढिम्म हलत नसेल, तर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Glide typing उघडून Enable gesture cursor control चालू आहे का ते पाहा.

आता बॅकस्पेस फक्त एकदा. वेलांटी जाते, ‘श’ उरतो. त्याला दीर्घ वेलांटी द्या.

इथे डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट आहे. ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘श’च्या डावीकडे, पण फोनच्या लेखी ती ‘श’च्या नंतरच येते. म्हणून वेलांटी खोडायला कर्सर तिच्या डाव्या अंगाला नेऊ नका. तिथून बॅकस्पेस दाबलात तर ‘आ’ उडेल आणि शब्द ‘शिर्वाद’ असा दिसेल. तसं झालं तर ‘आ’ पुन्हा लिहा आणि स्पेसबारवर बोट उजवीकडे सरकवून ‘शि’ ओलांडा.

आयफोनवर मात्र उलट: तिथे स्पेसबार दाबून धरायचाच असतो. कीबोर्डवरची अक्षरं पुसट होऊन गेली की बोट चारी दिशांना फिरवा, कर्सर वरच्या-खालच्या ओळींवरही जातो. तो जागेवर आला की बोट अलगद उचला.