उजवी कड आधी खोड

अगं, सगळ्यात आधी तो ‘एकूण ॲक्टिव्ह युजर’चा चढता आलेख मिटून ठेव. जाहिरातीवर पैसे ओतले की तो चढतोच. गळक्या माठात घागरीमागून घागर रिकामी केली तरी काही काळ पातळी वरच दिसते, तसं. आलेली माणसं परत येतात का, हे बघायचं तर त्यांच्या बॅचेस पाडाव्या लागतात. एका आठवड्यात ज्यांनी ॲप पहिल्यांदा वापरलं त्यांची एक बॅच, म्हणजे कोहॉर्ट. तिची एक ओळ. पुढच्या रकान्यांत, त्यातले किती टक्के पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसले ते लिहायचं. रिटेन्शन टेबल म्हणतात ते एवढंच, पण वाचताना भलेभले घसरतात.

समज, घरखर्च लिहून ठेवायचं एक ॲप आहे, आज ९ जुलैची सकाळ आहे आणि समोर हा तक्ता आलाय. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.

| कधी आले | किती | पहिला आठवडा | दुसरा | तिसरा |
|---|---|---|---|---|
| २–८ जून | १,००० | ४०% | ३०% | २५% |
| ९–१५ जून | १,००० | ४१% | ३०% | १९% |
| १६–२२ जून | २,५०० | २०% | १०% | |
| २३–२९ जून | १,००० | ३१% | | |

मीटिंगमध्ये कोणीतरी पहिला रकाना वरून खाली वाचणार आणि म्हणणार, “४१ वरून थेट २०! जूनच्या मध्यावर नवी आवृत्ती सोडली, तिनंच घात केला.” रकाना उभा वाचला हे बरोबर केलं. आडवी ओळ सांगते की एकच बॅच जुनी होत जाते तशी किती उरते; उभा रकाना सांगतो की नंतर आलेले आधीच्यांपेक्षा जास्त टिकतात की कमी. ॲप सुधारलं की बिघडलं, याचं उत्तर उभ्यातच मिळतं. पण निकाल द्यायच्या आधी दोन कामं करायची असतात.

पहिलं काम, उजवी कड खोडायची. आल्यापासूनचे पहिले सात दिवस सोडून मोजलं, तर १५ जूनला आलेल्या माणसाचा तिसरा आठवडा ६ ते १२ जुलै असा आहे. आज ९ तारीख. त्याला परत यायला आजचा धरून चार दिवस बाकी आहेत, आणि आपण त्याला ‘आला नाही’ म्हणून मोकळे झालो. म्हणून ते १९ कच्चं. त्याच्या खालचे १० आणि ३१ हेही कच्चेच. तिन्ही एकाच तिरक्या रांगेत आहेत बघ. बॅचमधल्या शेवटच्या माणसाचा तो आठवडा पुरा झाल्याशिवाय घर भरायचं नाही, रिकामं ठेवायचं. काही टूल अशी घरं फिकी दाखवतात, काही दाखवत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नकोस. आणि आठवडा पुरा झाल्यावरही एखादी तिरकी रांग पडलेली राहिली, तर दोष बॅचचा नाही, त्या तारखांचा. सर्व्हर बंद पडला असेल, किंवा माणसं गणपतीला गावी गेली असतील.

आता कच्चं खोडल्यावर पहिल्या रकान्यात उरले ४०, ४१ आणि २०. वीस तर पक्के आहेत. इथे दुसरं काम. टक्क्यांवरून नजर काढ आणि शेजारच्या संख्येकडे बघ. दर आठवड्याला हजार येतात, याच आठवड्यात अडीच हजार कसे? त्या आठवड्यात जाहिरात चालली होती. मग ओळ फोडायची. नेहमीच्या वाटेनं आलेल्या १,००० पैकी ४०० परत आले, म्हणजे तेच ४० टक्के. जाहिरातीतून आलेल्या १,५०० पैकी परत आले फक्त १००, म्हणजे जेमतेम ७ टक्के. दोन्ही मिळून २,५०० पैकी ५००, आणि हे तुझे २० टक्के. नवीन आवृत्तीनं कोणालाही पळवलेलं नाही. आपण भलत्याच माणसांना आत बोलावलं. डेव्हलपरना रात्रभर जागवून काही हाती लागलं नसतं. रकाना घसरला की ‘ॲपमध्ये काय बदललं’ याच्या आधी ‘येणारं कोण बदललं’ हे विचार.

‘पहिला आठवडा’ मोजतेस कसा, हेही एकदा तपास. कॅलेंडरचा आठवडा धरलास तर रविवारी रात्री अकराला आलेला माणूस सोमवारी सकाळी ॲप उघडतो आणि लगेच ‘पुढच्या आठवड्यात परत आला’ म्हणून मोजला जातो. झाले किती तास? दहा. आकडा फुकटचा फुगतो. म्हणून प्रत्येकाचा आठवडा त्याच्या स्वतःच्या पहिल्या दिवसापासून सात-सात दिवसांनी मोज. वरच्या तक्त्यात तेच केलंय.

त्यातही सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये लिहितो, आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच जे घडतं ते सगळं आदल्या दिवसाच्या खात्यात जातं. पोस्टग्रेसमध्ये तारीख काढताना असं लिही:

```sql
(ts AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

पण `ts` हा रकाना `timestamptz` प्रकाराचा आहे ना, हे आधी बघ. साधा `timestamp` असेल तर हीच ओळ उलटा अर्थ घेते, वेळ भारतातलीच आहे असं धरते, आणि तक्रार न करता चुकीची तारीख देते.

‘परत आला’ म्हणजे काय, हे कागदावर एका वाक्यात लिहून ठेव. नोटिफिकेशन चुकून दाबलं गेलं आणि ॲप उघडलं, हे परत येणं नव्हे. या ॲपसाठी एक तरी खर्च नोंदवला तर आला म्हणायचं. वीजबिल भरायच्या ॲपला मात्र आठवड्याचा तक्ता लावूच नकोस. तिथे माणूस महिन्यातून एकदाच येणार, तिथे रकाने महिन्यांचे हवेत. काही ठिकाणी ‘सातव्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही आला’ तरी टिकला असं धरतात. त्यात जुन्या बॅचना परत यायला जास्त काळ मिळतो, म्हणून त्या नेहमीच सरस दिसतात आणि नव्या आवृत्तीवर उगाच खापर फुटतं. बॅचेसची तुलना करताना ती व्याख्या वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ओळख फोनवरून नको, खात्यावरून धर. ॲप काढून पुन्हा टाकणाऱ्याला नवा आयडी मिळाला, तर तो जुन्या ओळीतून गळतो आणि नव्या ओळीत नवखा म्हणून उगवतो.

ओळ वाचताना पहिल्या घसरणीनं घाबरू नकोस. ती बहुतेक ॲपना असतेच. बघायचं ते शेपूट. २५ नंतर २४, २४, २४ असं सपाट झालं तर तेवढी माणसं खरोखर तुमची. २५, १८, १२, ७ असं खाली जात राहिलं तर जाहिरात थांबवलेलीच बरी. फक्त छोट्या बॅचवर हा निवाडा करू नकोस. पन्नास माणसांच्या बॅचमध्ये खरं प्रमाण ४० टक्के असलं तरी नुसत्या योगायोगानं आकडा २७ पासून ५३ पर्यंत कुठेही येऊ शकतो. अशा वेळी चार आठवड्यांच्या बॅचेस एकत्र कर.

उद्या तक्ता पाठवशील तेव्हा प्रत्येक ओळीपुढे माणसांची संख्या असू दे, कच्ची घरं रिकामी असू देत आणि वर ‘परत आला’ची व्याख्या लिहिलेली असू दे. यातलं एक जरी नसेल तर न वाचता परत पाठवीन.