पाठ: मैत्रिणीच्या घरी, आजी-आजोबांना भेटताना

जून महिना. तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीचे आजी-आजोबा पुण्याहून हॅरोला आले आहेत. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून ते उन्हाळ्यात येतात, थंडीच्या आत परत जातात. मैत्रीण म्हणते, "शनिवारी घरी ये ना. आजीला तुला भेटायचंय."

दारात बूट काढा आणि आत जा. आजी समोर आल्या की बरीच मुलं घाईघाईत म्हणतात, "हाय आजी, तू कशी आहेस?"

मराठी अगदी बरोबर आहे. तरी आजी एक क्षण थांबतील.

असं का? तुम्ही स्वतःच्या आजीला बहुतेक "तू" म्हणत असाल. मराठी घरांत आईला आणि आजीला "तू" म्हणायची पद्धत जुनी आहे. त्यात अनादर नाही, जवळीक आहे. (गंमत म्हणजे, त्याच घरात आजोबांना मात्र अनेकदा "तुम्ही" म्हणतात!) पण ही जवळीक तुमच्या आजीशी आहे. मैत्रिणीच्या आजीला तुम्ही आज पहिल्यांदाच भेटताय, म्हणून "तुम्ही". मैत्रीण तिच्या आजीला "तू" म्हणताना ऐकू आली, तरी तिचं बघून तसं म्हणू नका.

नुसतं "तुम्ही" म्हणून भागत नाही, बाकीचं वाक्यही बदलावं लागतं:

आजींना: तुम्ही कशा आहात?
आजोबांना: तुम्ही कसे आहात?

"तुम्ही कशी आहेस" ही माझ्या वर्गात सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे. अर्धं वाक्य आदराचं, अर्धं "तू"चं! भूतकाळ सोपा आहे: "तुम्ही कधी आलात?" हे आजींनाही चालतं आणि आजोबांनाही. काही मागायचं असेल तर "पाणी दे" नाही, "पाणी देता का?" म्हणा. प्लीजसाठी वेगळा शब्द लागत नाही, तो "देता का"मध्येच आला.

चुकून "तू" गेलंच, तर मोठी माणसं सहसा बोलत नाहीत. मैत्रिणीची आई हसेल किंवा मैत्रीण कोपराने ढोसेल. तेवढ्यावरून ओळखा आणि म्हणा, "चुकलं माझं! तुम्ही कशा आहात?" विषय संपला.

आता नमस्कार. काही घरांत वाकून पाया पडतात, काही घरांत हात जोडले की पुरतं. मैत्रिणीला आधीच विचारून ठेवा. तुम्ही वाकायला लागलात की आजोबा म्हणतील, "असू दे, असू दे." याचा अर्थ "थांब" असा नाही! नमस्कार पूर्ण करा. ते "सुखी राहा" म्हणतील. त्यावर नुसतं हसलं तरी पुरे.

मग गप्पा. ऐका:

आजोबा: तुमचं गाव कुठलं?
तुम्ही: मी इथलीच, आजोबा. पण बाबा साताऱ्याचे आणि आई नाशिकची.
आजोबा: अरे वा! साताऱ्यात कुठे?

"मी लंडनची" एवढंच म्हटलंत तर गप्पा तिथेच थांबतात. आजोबांना हवं असतं आई-बाबांचं गाव, कारण त्या गावात त्यांच्या ओळखीचं कुणीतरी निघतंच! म्हणून जायच्या आधी घरी विचारून घ्या.

तुम्हीही काही विचारा. "परत कधी जाणार?" हे मात्र टाळा. तुम्ही सहज विचारता, पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपण जावं अशी घाई आहे. त्याऐवजी म्हणा, "इथली हवा मानवली का?" म्हणजे, हवेचा त्रास तर होत नाही ना? किंवा विचारा, "रात्री नऊनंतरही उजेड असतो, तुम्हाला झोप लागते का?" पुण्यात जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे यावर आजींना बोलायला पुष्कळ असतं.

निघताना "जाते" किंवा "जातो" म्हणू नका. ते अशुभ मानतात. मुलीने "येते हं, आजी" म्हणावं, मुलाने "येतो". आजी म्हणतील, "ये गं पुन्हा." त्या तुम्हाला "तू"च म्हणतील, आणि ते बरोबरच आहे.

सराव
१. दुरुस्त करा: "आजोबा, तुम्ही कधी आलास? मला चहा दे."
२. आई-बाबांना त्यांचं गाव विचारा. "तुमचं गाव कुठलं?" याचं उत्तर दोन वाक्यांत लिहा.
३. आजी चौथी पुरणपोळी वाढतायत आणि तुमचं पोट भरलंय. "नको" हा शब्द न वापरता काय म्हणाल?


तिसऱ्यासाठी मदत: "छान झाली होती, पण आता अगदी पोट भरलं."