पहिला सूट शिवायचा की तयार घ्यायचा?

आयुष्यातला पहिला सूट घेताना माणूस आधी रंग बघतो, मग किंमत आणि सगळ्यात शेवटी खांदा. क्रम उलटा हवा. खांदा जमला नाही, तर महागडा सूटही वाया जातो.

माझा भाचा नोकरीमुळे जयपूरला असतो. चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा तो मिर्झा इस्माईल रोडवरच्या एका दुकानात गेला. तयार कोटाचा नंबर म्हणजे छातीचं माप, इंचात. त्याची छाती ३८, पण पोटावर बटण लागेना म्हणून विक्रेत्याने ४०चा कोट चढवला. बटण लागलं, पण कोटाचा खांदा त्याच्या खांद्याच्या हाडापुढे जवळपास बोटभर गेला आणि दंडाच्या सुरुवातीला खळगा पडला. ‘अल्टर करून देऊ’ असं त्याला सांगण्यात आलं.

इथेच थांबायला हवं. कंबर इंचभर आत घेता येते, बाहीची लांबी कमी करता येते, पँटच्या पायाची दुमड घालता येते. खांदा लहान करायचा तर बाही पूर्ण उसवून, आतलं पॅडिंग आणि कॅनव्हास कापून पुन्हा बसवावं लागतं. त्याचा खर्च कोटाच्या किमतीच्या मानाने परवडत नाही, आणि बाही पूर्वीसारखी पडेल याची खात्री नसते. कोट सैल करायचा असला तर शिवणीत आत किती कापड सोडलंय ते उलटून बघावं. तयार कोटात ते बहुधा थोडंच असतं.

भाच्याने तो कोट तिथेच परत ठेवला आणि परकोटाच्या आतल्या एका जुन्या टेलरकडे गेला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माप घेण्याआधी त्याला नुसतं सरळ उभं केलं आणि त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असल्याचं दाखवलं. असं पुष्कळांचं असतं. तयार कोट दोन्ही खांदे सारखे धरूनच शिवलेला असतो, त्यामुळे खालच्या खांद्याच्या बाजूला काखेखाली तिरकी घडी पडते. चाचांनी त्या बाजूला थोडं जास्त पॅड घालायचं ठरवलं.

आता हिशेब. तयार सूटची किंमत ९,९९९ रुपये होती आणि अल्टरेशनचे साधारण १,२०० धरले, तर एकूण ११,१९९. (सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. छापील किमतीत तो धरलेला असतो, वर वेगळा द्यायचा नसतो.) शिवायचा तर दोन तुकड्यांच्या सूटला दुहेरी पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड लागतं. भिलवाडा राजस्थानातच आहे, तिथलं पॉलिएस्टर-व्हिस्कोज सुटिंग जयपूरच्या बाजारात सहज मिळतं. भाच्याने लोकरीचं मिश्रण असलेलं, ११०० रुपये मीटरचं कापड घेतलं, कारण लग्न डिसेंबरच्या रात्री, उघड्या लॉनवर होतं. कापडाचे ३,५७५ आणि अस्तर-बटणांसह शिलाईचे ५,५००, म्हणजे ९,०७५ रुपये. शिलाईचा दर गल्लीगणिक बदलतो, म्हणून अस्तर, बटणं आणि ट्रायल त्यात धरली आहे का ते आधीच विचारावं.

शिवण्यात पैसे वाचले, पण वेळ गेला. लग्नसराईत तीन आठवडे तरी हाताशी हवेत. तेवढे नसतील तर खांद्यावर बरोबर बसणारा तयार कोट शोधणंच शहाणपणाचं.

कच्च्या शिलाईची ट्रायल कधीही टाळू नये. भाच्याच्या ट्रायलमध्ये मानेमागे, कॉलरखाली एक आडवी वळी दिसली. तो ताठ उभा राहतो, त्यामुळे पाठीचं कापड वर जमा होत होतं. चाचांनी टाचण्या लावून कॉलर खाली घेतली. धागे कच्चे होते म्हणून काम पटकन झालं. पक्क्या शिलाईनंतर अख्खी कॉलर उसवावी लागली असती.

ट्रायलला लग्नात घालायचाच शर्ट आणि तेच बूट घालून जावं, नाहीतर बाही आणि पँटची लांबी दोन्ही चुकतात. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ बाहीखाली अर्धा इंच दिसावा. कोटाचं वरचं बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या घड्या पडल्या, तर कोट घट्ट आहे. खालचं बटण लावायचंच नसतं. मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकतो तसं वाकून बघावं, मांडी घालून बसावं. पँट मांडीत तटतटली, तर ते टेलरला तिथेच दाखवावं. पूर्ण पैसे आधी देऊ नयेत, शेवटच्या ट्रायलनंतर द्यावेत. उरलेलं कापडही मागून घ्यावं, पुढे कुठे उसवलं तर त्याच रंगाचं कापड सापडत नाही.