चक्रवाढीचा दर कसा काढावा

हे बघ पोरी, प्लॉट विकणारा सांगेल, "ताई, आठ लाखांचे दहा वर्षांत वीस लाख झाले. दीडशे टक्के वाढ, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के!" ऐकून घे, पण मान हलवू नकोस. पंधरा टक्क्यांनी चक्रवाढ झाली असती तर आठाचे बत्तीस लाखांच्या वर गेले असते. त्याने वाढीला सरळ दहाने भागलं. चक्रवाढीत दरवर्षी गुणाकार होतो, म्हणून तो उलगडायला भागाकार पुरत नाही, मूळ काढावं लागतं.

आधी शेवटच्या रकमेला सुरुवातीच्या रकमेने भाग. वीस भागिले आठ, अडीच पट. आता अशी संख्या हवी, की जी दहा वेळा मांडून गुणली की अडीच येईल. म्हणजे अडीचचं दहावं मूळ.

वर्षं चार किंवा आठ असतील तर साधा कॅल्क्युलेटरही चालतो. हाच व्यवहार आठ वर्षांचा असता, तर २.५ टाकून वर्गमुळाचं बटण तीनदा दाबायचं: १.५८, १.२५७, १.१२१. म्हणजे साधारण १२.१ टक्के. चार वर्षांना दोनदाच दाबायचं. दहाला मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे लॉग.

आम्ही लॉगचं पुस्तक उघडायचो, तू फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा धर, बहुतेक फोनांत लॉगचं बटण दिसतं. २.५ चा लॉग ०.३९७९. त्याला दहाने भागलं की ०.०३९८. आता उलटं जायचं, दहाचा तेवढा घात: १.०९६. एक वजा कर, ९.६ टक्के. खात्री करायची तर १.०९६ दहा वेळा मांडून गुण, अडीच येतं का बघ. लॉगचे चार आकडे तरी ठेव. ०.०४ धरलंस तर दर ९.६५ दिसेल.

वर्षं मोजताना लोक हमखास फसतात. एप्रिल २०१४ ते एप्रिल २०२४ ही दहा वर्षं, बोटांवर सालं मोजलीस तर अकरा भरतात. विक्री ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली असेल तर साडेदहाने भाग, दर ९.१ वर येतो. महिने असे सहज सामावतात, म्हणून मला लॉगच आवडतो.

सुरुवातीच्या रकमेत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्चही धर. समज साठ हजार गेले, मग ८.६ लाखांवर दहा वर्षांचा हिशेब केला की दर ८.८ टक्के. प्लॉटवाला हे कधीच धरत नाही.

आणि दरमहा थोडे थोडे पैसे भरले असतील तर हे सूत्र वापरू नकोस. प्रत्येक हप्ता वेगवेगळा काळ गुंतलेला असतो. स्प्रेडशीटमध्ये तारखांसह सगळे हप्ते उणे चिन्हाने आणि शेवटी मिळालेली रक्कम अधिक चिन्हाने मांड आणि `XIRR` ला विचार.