काळी माती दिसली की कापूस लिहू नकोस

पोरी, कार्यपत्रिकेत ‘काळी मृदा’ वाचलं की पेन आपोआप ‘कापूस’ लिहून मोकळं होतं. तिथेच जरा थांब. यवतमाळची माती काळी आणि मंगळवेढ्याचीही काळीच, पण मंगळवेढा ओळखला जातो तो ज्वारीसाठी. असं का, हे चार-पाच वाक्यांत सांगता आलं की उत्तर जमलं म्हणायचं.

आधी पाऊस बघ, आणि तो किती पडतो एवढ्यावर थांबू नकोस, कधी पडतो तेही बघ. सह्याद्री ओलांडताना मोसमी वारे बहुतेक पाऊस घाटमाथ्यावरच टाकून येतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस होतो. पूर्वेला पर्जन्यछायेत सोलापूरकडे तो ५०० ते ७०० मिलिमीटरवर येतो, आणि त्यातलाही भरवशाचा भाग सप्टेंबरचा. जून-जुलैत पेरलं तर पाऊस मध्येच दडी मारतो आणि पीक करपतं. यवतमाळला जूनपासून पाऊस बरा साथ देतो, म्हणून तिथे खरिपात कापूस उभा राहतो.

मग माती. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण भरपूर असतं. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की भेगाळते. खोल असेल तर सप्टेंबरची ओल पुढे कित्येक आठवडे धरून ठेवते. ‘खोल’ हा शब्द उत्तरात विसरू नकोस, बरं का. मंगळवेढा तालुक्यातल्याच उथळ, मुरमाड रानात ओल टिकत नाही, तिथे खरिपाची बाजरीच बरी.

आता हे कागदावर कसं उतरेल ते बघ:

‘मंगळवेढा पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने तेथे पाऊस कमी व अनियमित असून सप्टेंबरमध्ये तो तुलनेने खात्रीचा असतो. येथील खोल काळी मृदा त्या पावसाची ओल साठवते. त्यामुळे अनेक शेतकरी खरिपात जमीन पड ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरतात. हे पीक मुख्यतः साठलेल्या ओलीवर वाढते व फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीस येते.’

एवढं पुरे. मृदेचे सगळे गुणधर्म ओतायला जाऊ नकोस, परिच्छेद फुगतो आणि कारण त्यात बुडतं. लिहून झालं की ‘त्यामुळे’वर बोट ठेव आणि आधीच्या वाक्यातून पुढचं खरंच निघतं का, ते बघ. ‘मृदा काळी आहे, त्यामुळे ज्वारी होते’ असं राहिलं असेल, तर मधली ओल गळली.

आणि प्रश्नात ‘सिंचन’ आलं, तर मात्र हा हिशेब बदलतो. उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथे याच कोरड्या सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा राहिला. त्या उत्तरात पावसाच्या आधी कालवा लिही.