ग्राहक-उद्योगाची नेमकी अडचण कशी शोधावी?

मोठ्या उद्योगांना माल किंवा सेवा पुरवू इच्छिणारे लघुउद्योजक बहुधा सर्वांना एकाच मसुद्याचे पत्र पाठवतात. त्यात स्वतःच्या यंत्रसामग्रीचे वर्णन असते; परंतु पत्र वाचणाऱ्याच्या अडचणीचा उल्लेख नसतो. ही अडचण जाणून घेण्याची तीन साधने सर्वांना खुली आहेत: नोकरभरतीच्या जाहिराती, ग्राहकांचे अभिप्राय आणि कंपनीविषयक वृत्ते. त्यांचा उपयोग कसा करावा, हे एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे पाहू.

हैदराबादजवळ पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक लघुउद्योग आहे. काचेच्या बरण्यांतून देशभर लोणची पाठवणाऱ्या एका कंपनीला त्याला पत्र लिहावयाचे आहे.

अभिप्रायांची वर्गवारी

प्रथम गेल्या बारा महिन्यांतील, तीन किंवा त्याहून कमी तारांकने दिलेले सर्व अभिप्राय वाचावेत. प्रत्येकाची तारीख, शहर व तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत वहीत लिहावी. ग्राहकाचे नाव नोंदवू नये. समजा, असे १२० अभिप्राय मिळाले. त्यांपैकी ८६ चव, किंमत वा विलंब यांविषयी आहेत. उरलेले ३४ वरवर पाहता एकाच प्रकारचे वाटतात. मात्र बारकाईने वाचल्यास ९ ग्राहकांची बरणी शाबूत असून तेल झाकणातून गळलेले आढळते. तो दोष झाकणाचा आहे. खोके बदलून तो दूर होणार नाही. म्हणजे आपल्या उपयोगाच्या तक्रारी २५ उरतात.

या २५ पैकी १८ तक्रारी जून ते सप्टेंबर या काळातील आहेत. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. त्या महिन्यांत मागणीच अधिक असेल, तर सर्वच तक्रारी वाढतील. म्हणून इतर ८६ तक्रारींकडे पाहावे. त्यांपैकी या चार महिन्यांतील २८, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश आहेत. चार महिन्यांचा वर्षातील वाटाही तेवढाच. तेव्हा मागणी विशेष वाढलेली दिसत नाही, फूट मात्र वाढलेली दिसते. पुठ्ठा हवेतील ओलावा शोषून घेतो व त्याची भार सोसण्याची शक्ती घटते, हे कारण येथे संभवते.

जाहिरात व वृत्त

भरतीच्या जाहिरातीत पदाच्या नावापेक्षा कामाचे वर्णन महत्त्वाचे असते. या कंपनीने ‘परत आलेल्या मालाची नोंद ठेवणे व कुरिअरकडे भरपाईचे दावे करणे’ यासाठी जुलैत एक व ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक जाहिरात दिली आहे. नुकसानीवर मनुष्यबळ खर्च होत असल्याचे यातून सूचित होते. मात्र पुनरावृत्तीचा अर्थ कर्मचारी सोडून गेला असाही असू शकतो, किंवा जुनीच जाहिरात भरती संस्थेने पुन्हा दिलेली असू शकते. म्हणून एकट्या जाहिरातीवर विसंबू नये.

वृत्तांतून अडचणीपेक्षा योग्य वेळ अधिक कळते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास, ‘सेबी’च्या २०१५ च्या नियमांनुसार तिला महत्त्वाच्या घडामोडी शेअर बाजारांना कळवाव्या लागतात, ती निवेदने कोणालाही वाचता येतात. आपली कंपनी नोंदलेली नाही. परंतु ती गुवाहाटीत गोदाम उघडणार असल्याचे वृत्तपत्रात आले आहे. लांबचा प्रवास व दमट हवा यांमुळे खोक्यांचा प्रश्न तेथे पुन्हा उद्भवेल.

उल्लेख केव्हा करावा?

अडचण किमान दोन स्वतंत्र साधनांत दिसावी, ती आपल्या मालाने सुटणारी असावी आणि पत्र घेणाऱ्याच्या अधिकारकक्षेत यावी. म्हणून हे पत्र विक्री विभागाकडे न जाता वेष्टन-खरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे. त्यात आरोपाचा सूर नसावा. भरतीच्या जाहिरातीचा उल्लेखही टाळावा, कारण आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाचणाऱ्यास वाटते. मजकूर पुढीलप्रमाणे असू शकेल:

‘महोदय, आपल्या ग्राहकांच्या प्रकाशित अभिप्रायांत पावसाळ्यात बरण्या फुटल्याचे उल्लेख अधिक आढळतात. गुवाहाटीच्या गोदामासाठी खोकी ठरवताना हा प्रश्न आपल्या विचाराधीन आहे काय? आम्ही ओलाव्यास अधिक टिकणाऱ्या कागदाची, आतून कप्पे असलेली पाच पदरी २० खोकी चाचणीसाठी पाठवू शकतो.’

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. अभिप्राय लिहिणारे सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी नसतात, काही अभिप्राय बनावटही असतात. त्यामुळे २५ तक्रारींवरून फुटीचे प्रमाण सांगता येत नाही. पत्रात टक्केवारी देऊ नये. ‘फूट कुरिअरच्या हाताळणीमुळे होते’ असे उत्तर आले, तर आपला तर्क अपुरा होता असे समजावे व किती उंचीवरून पडल्यास बरणी फुटते, याची चाचणी उभयतांनी मिळून करण्याचे सुचवावे.