‘पानी’ चुकलं कुठे?

प्रश्न : आमच्या वऱ्हाडात घरोघरी ‘पानी’ म्हणतात. मुलीने वहीत तसंच लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ मारली. ‘पाणी’च बरोबर, हे कोणी आणि कधी ठरवलं?

उत्तर : ‘पानी’ हा बिघडलेला शब्द आहे, असं कुणी म्हणालं तर मुळीच मानू नका. संस्कृतात मूळ शब्द ‘पानीय’, म्हणजे ‘न’च. प्राकृतात त्याचं ‘पाणिअ’ झालं आणि त्यातून ‘पाणी’ आलं. शुद्धतेचा निकष लावायचा, तर कुठली पायरी शुद्ध धरणार? तेव्हा ‘ण’ जिंकला त्याचं कारण शब्दात नाही, गावात आहे.

पेशवाईमुळे पुणं हे सत्तेचं आणि शास्त्री-पंडितांचं ठिकाण होतं. 1818 नंतर इंग्रजांना शाळांसाठी मराठी पुस्तकं हवी होती. ती लिहायला, तपासायला जी मंडळी हाताशी आली, त्यांत पुण्याकडच्या सुशिक्षित ब्राह्मणांचा भरणा मोठा होता. साहजिकच त्यांच्या घरची भाषा नमुना ठरली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, तोही शास्त्र्यांच्या मदतीने. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. मेजर कँडी यांनी वर्षानुवर्षं क्रमिक पुस्तकांची भाषा तपासली. मराठीत विरामचिन्हं रुळली त्याचं श्रेयही त्यांनाच देतात.

माझ्या मते खरं काम केलं ते या क्रमिक पुस्तकांनी. कोश किती घरांत असणार? पण तेच पुस्तक नागपुरात, रत्नागिरीत, सोलापुरात वाचलं गेलं, त्यावर परीक्षा झाली, आणि परीक्षेवर नोकरी मिळू लागली. पुण्याची बोली तिथून ‘शुद्ध मराठी’ म्हणून घरी आली.

ठरलेलं बदलतंही. आजोबांच्या काळचं एखादं पुस्तक उघडा : ‘त्यानें काम केलें’, ‘नांव’, ‘पांच’. हे टिंब एके काळी नाकातून होणाऱ्या उच्चाराची खूण होतं. प्रमाण मानलेल्या बोलीतून तो उच्चार गेला, तरी मुलं टिंबं पाठ करत राहिली आणि विसरली की गुण गमावत राहिली. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली केलेल्या नियमांनी ही टिंबं काढली. आज आपण लिहितो त्या ‘केलं’वरचं टिंब निराळं, ते बोलण्यातला ‘अं’ दाखवतं. गोव्यात मात्र कोंकणी बोलणारे ‘केलें’ अजून नाकातूनच म्हणतात, आणि लिहितातही टिंब देऊन.

तुमच्या मुलीने निबंधात ‘पाणी’ लिहावं, कारण परीक्षा प्रमाणभाषेची आहे. पण गोष्ट लिहिताना तिची आजी पाणी मागत असेल, तर अवतरणचिन्हांत ‘पानी’च हवं. लेखनाचे नियमही पात्राच्या तोंडी बोली घालायला मोकळीक देतात. बाईंना हे जरूर दाखवा.